२२ यार्ड म्हणजे किती मीटर? शाळेच्या मैदानावर खेळपट्टी आखताना

प्रश्न: शाळेच्या मैदानावर क्रिकेटची खेळपट्टी आखायची आहे. लांबी २२ यार्ड असते एवढं माहीत आहे, पण आमची टेप मीटरची आहे. कोणी २० मीटर सांगतं, कोणी २२. मैदानात जुनी सिमेंटची पट्टी आहे, ती बरोबर २२ मीटर भरते. नक्की किती मोजायचं आणि कुठून कुठपर्यंत?

उत्तर:

२०.१२ मीटर मोजा, म्हणजे २० मीटर आणि १२ सेंटिमीटर. हे अंतर एका टोकाच्या मधल्या स्टंपच्या मध्यापासून दुसऱ्या टोकाच्या मधल्या स्टंपच्या मध्यापर्यंतचं आहे. फलंदाज जिथे बॅट टेकवून उभा राहतो ती रेघ वेगळी, ती स्टंपच्या पुढे असते. २२ यार्ड त्या रेघांच्या मधलं समजून आखणी केली की स्टंप जवळजवळ अडीच मीटर जास्त लांब जातात. म्हणून मीटरचा आकडा पाठ करण्याआधी तो कुठून कुठपर्यंतचा, हे पक्कं करा.

आता हिशोब. एक यार्ड म्हणजे ०.९१४४ मीटर. हा आकडा कुठे तोडलेला नाही, तो तंतोतंत एवढाच आहे. अमेरिका, ब्रिटन आणि राष्ट्रकुलातल्या काही देशांनी १९५९ मध्ये यार्डाची व्याख्याच मीटरमध्ये ठरवून घेतली, तेव्हापासून त्यात शंकेला जागा नाही. २२ ला ०.९१४४ ने गुणलं की २०.११६८ येतात. क्रिकेटचे नियम ज्यांच्याकडे आहेत त्या एमसीसीच्या नियमावलीत हीच लांबी २२ यार्ड आणि २०.१२ मीटर अशी दोन्ही मापांत छापलेली असते. २०.११६८ आणि २०.१२ यांत ३ मिलिमीटरांचा फरक आहे, म्हणजे आखणीच्या सुतळीच्या जाडीइतका. टेपवर २०.११६८ शोधत बसू नका. संगणकावर पडताळायचं असेल तर एक्सेलच्या एखाद्या चौकटीत हे टाका, उत्तर 20.1168 येईल:

```
=CONVERT(22,"yd","m")
```

यार्ड हा शब्द परका वाटला तरी माप आपल्या ओळखीचं आहे. कापडाच्या दुकानातला वार तो हाच; नऊवारी म्हणजे नऊ यार्ड, सव्वाआठ मीटरांच्या आसपास. जमिनीच्या मोजणीशी तर खेळपट्टीचं नातं आणखी जवळचं आहे. २२ यार्ड म्हणजे ६६ फूट, इंग्रजी मोजणीदारांची एक साखळी. १७४४ च्या नियमांतही दोन्ही बाजूंच्या स्टंपमधलं अंतर २२ यार्डच होतं. आपला गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, तेव्हा खेळपट्टीची लांबी गुंठ्याच्या दोन बाजूंएवढी भरते. गावातल्या शाळेत हा संदर्भ सांगितला की कोणालाही पटकन अंदाज येतो, आणि २२ मीटर सांगणाऱ्याला "दोन गुंठ्यांच्या बाजूपेक्षा जवळजवळ दोन मीटर जास्त झालं" एवढं सांगून भागतं.

आकडा कुठे घसरतो

सगळ्यात मोठी चूक यार्ड आणि मीटर एकच समजण्याची. तिच्यात १ मीटर ८८ सेंटिमीटर जास्त पडतात, म्हणजे खेळपट्टी नऊ टक्क्यांहून अधिक लांब होते. अशा पट्टीवर सराव केलेल्या मुलांचा चेंडू आंतरशालेय सामन्यातल्या योग्य खेळपट्टीवर सतत पुढे पडतो. गोलंदाज फुलटॉस टाकतो, आणि सगळे त्याच्या हातात दोष शोधतात.

दुसरी चूक ०.९१४४ हा आकडा आधीच तोडण्याची. "एक यार्ड म्हणजे साधारण ०.९ मीटर" धरून गुणलं की १९.८० येतात, म्हणजे ३२ सेंटिमीटर कमी. ०.९१ धरलं तर २०.०२, म्हणजे जवळजवळ १० सेंटिमीटर कमी. एका यार्डात चार मिलिमीटर सोडून दिले तर बिघडलं काय, असं वाटतं. पण ते २२ वेळा सुटतात. म्हणून गुणाकार पूर्ण ०.९१४४ ने करा आणि तोडायचं ते शेवटच्या उत्तरात, सेंटिमीटरवर आणून. सरळ २० मीटर धरले तर १२ सेंटिमीटर कमी पडतात. तेवढं चालेल असं वाटत असेल तर क्रीजच्या निर्णयांचा विचार करा: धावबाद आणि नो बॉल बोटभर अंतरावर ठरतात.

तिसरी चूक दशांश चिन्हाची. मोजणारा एक आणि वाचून सांगणारा दुसरा असला की ती हमखास होते. २०.१२ म्हणजे २० मीटर १२ सेंटिमीटर. "वीस पॉइंट एक" ऐकून २० मीटर १ सेंटिमीटरवर खिळा ठोकला जातो. यावर उपाय म्हणजे आकडा तोंडी सांगताना "वीस मीटर बारा सेंटिमीटर" असंच म्हणायचं. फूट-इंचांत हीच चूक दुसऱ्या बाजूने होते. स्टंपच्या रेघेची, म्हणजे बोलिंग क्रीजची लांबी ८ फूट ८ इंच असते, ती ८.८ फूट नव्हे. फुटात बारा इंच असल्याने ते ८.६७ फूट होतात. ८.८ धरलं की बोलिंग क्रीज ४ सेंटिमीटर लांब होते.

आणि पावलं मोजू नका. मोठ्या माणसाचं चालतं पाऊल पाऊण मीटरच्या आसपास असतं, यार्डभर नसतं. २२ पावलं टाकून आखलेली पट्टी साडेसोळा मीटरच्या आसपास भरते. गल्लीतल्या खेळाला ती पुरेल, शाळेच्या मैदानाला नाही.

टेप हातात घेण्याआधी

३० मीटरची फायबरची टेप सगळ्यात सोयीची, कारण एकाच ताणात २०.१२ येतात. ५ मीटरची पोलादी टेप चार वेळा पुढे सरकवली तर दर वेळी खूण करताना थोडा घोळ होतो, शिवाय रेघ वाकडी जाण्याची भीती वेगळी. दुसरं काहीच नसेल तर आधी ताणलेली दोरी लावून घ्या आणि तिच्या बाजूने मोजा. पण दोरीचंच माप करू नका. नायलॉनची दोरी ताणली की लांबते. ती सरळ रेघ दाखवण्यापुरतीच वापरायची.

शाळेच्या क्रीडा साहित्यातल्या टेपचं पहिलं टोक नीट पाहा. बऱ्याच टेपचा सुरुवातीचा तुकडा तुटलेला असतो आणि कडी पुन्हा बांधलेली असते. काही टेपचं शून्य कडीच्या बाहेरच्या कडेला असतं, काहींचं पट्टीवर छापलेल्या रेघेवर. शंका असेल तर १ मीटरची खूण शून्य माना आणि दुसऱ्या टोकाला २१.१२ वाचा. हे २१.१२ फळ्यावर किंवा कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, कारण ऐन वेळी सवयीने २०.१२ वर खूण होते आणि खेळपट्टी एक मीटरने आखूड होते. टेपच्या दुसऱ्या बाजूला फूट-इंच छापलेले असतील तर तिथे बरोबर ६६ फूट यायला हवेत. पडताळणीचा हा सगळ्यात सोपा मार्ग, त्यात गुणाकार करावाच लागत नाही.

जमिनीच्या उतारामुळे घाबरू नका. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत फूटभर उतार असला तरी मापात दोन-अडीच मिलिमीटरांचाच फरक पडतो. टेप मध्ये वाऱ्याने किंवा गवतामुळे आडवी वाकली तर मात्र जास्त बिघडतं. मध्यावर फूटभर वाकली तर जवळजवळ एक सेंटिमीटर जातो. दोघांनी टेप जमिनीला टेकवून जोरात ताणावी आणि तिसऱ्याने मागून पाहून ती दोरीला धरून आहे ना हे सांगावं.

प्रत्यक्ष आखणी

आधी लागणारी मापं एका कागदावर उतरवून घ्या. एवढीच आहेत:

- स्टंप ते स्टंप: २२ यार्ड, २०.१२ मीटर
- बोलिंग क्रीज, म्हणजे स्टंप ज्या रेघेवर असतात ती: ८ फूट ८ इंच, २.६४ मीटर, मधल्या स्टंपपासून दोन्ही बाजूंना १.३२
- पॉपिंग क्रीज, म्हणजे फलंदाजाची रेघ: बोलिंग क्रीजच्या पुढे ४ फूट, १.२२ मीटर, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना किमान १.८३ मीटर आखायची
- रिटर्न क्रीज, म्हणजे बोलिंग क्रीजच्या दोन्ही टोकांतून जाणाऱ्या उभ्या रेघा: मध्यरेषेपासून १.३२ मीटरवर, पॉपिंग क्रीजपासून मागे किमान २.४४ मीटर
- खेळपट्टीची रुंदी: १० फूट, ३.०५ मीटर

पहिलं काम मध्यरेषेचं. पट्टीच्या दोन्ही टोकांना रुंदीचा मध्य काढा, दोन्हीकडे खुंट्या ठोकून त्यांच्यात लाइनदोरी ताणा. खुंट्या पट्टीच्या टोकांपासून दोन-अडीच मीटर बाहेर असू द्या, म्हणजे पुढच्या कामात दोरी हलवावी लागत नाही. खेळपट्टी नव्याने कुठे करायची हे तुमच्या हातात असेल तर ती उत्तर-दक्षिण ठेवा. सकाळ-संध्याकाळचा तिरपा सूर्य मग फलंदाजाच्या डोळ्यांवर येत नाही.

आता दोरीखाली एका टोकाला पहिला खिळा ठोका. हा मधल्या स्टंपचा मध्य. तिथून २०.१२ मीटरवर दुसरा खिळा. लगेच टेप उलटी करा: दुसऱ्या खिळ्यावर शून्य ठेवून पहिल्याकडे मोजा. दोन्ही वेळेस अर्ध्या सेंटिमीटरच्या आत उत्तर आलं तर पुढे जा. जास्त फरक आला तर बहुधा ताण कमी-जास्त होता किंवा शून्य चुकीच्या जागी धरलं होतं.

पुढचं काम काटकोनाचं, आणि शाळेच्या मैदानांवर सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. लांबी नेमकी २०.१२ असते, पण क्रीज तिरपी असते. गवंडी ज्याला "गुण्यात आणणं" म्हणतात ते एकाच टेपने असं करता येतं. दोरीवर पहिल्या खिळ्यापासून आतल्या बाजूला २ मीटरवर खूण करा. टेपचं शून्य खिळ्यावर धरा आणि ४ मीटरची खूण त्या २ मीटरच्या खुणेवर धरा. टेप सैल पडेल. आता तिसऱ्या माणसाने टेपवरची १.५० ची खूण पकडून बाजूला ओढायची, दोन्ही तुकडे घट्ट ताणेपर्यंत. खिळ्यापासून १.५०, दोरीवरच्या खुणेपासून २.५० आणि दोरीवर २, असा त्रिकोण झाला. हे तीन-चार-पाचचंच प्रमाण आहे, म्हणून खिळ्यापाशी काटकोन झाला. तिथे खूण करा आणि हेच दुसऱ्या बाजूला करा. दोन्ही बाजूंच्या खुणांमधलं अंतर बरोबर ३ मीटर भरलं आणि खिळा त्यांच्या सरळ रेघेत आला, तर क्रीज गुण्यात आहे.

त्या दोन खुणांमधून सुतळी ताणा आणि खिळ्यापासून दोन्हीकडे १.३२ वर खुणा करा. ही बोलिंग क्रीजची टोकं. दुसऱ्या टोकालाही हेच. मग चारही टोकांचा लांबट चौकोन कर्णांनी तपासा: एका बाजूच्या डाव्या टोकापासून समोरच्या उजव्या टोकापर्यंत २०.२९ मीटर यायला हवेत आणि दुसरा कर्णही तेवढाच. दोन कर्णांमध्ये एक सेंटिमीटरपर्यंत फरक चालतो. क्रीजच्या टोकाला तो अडीच ते पाच मिलिमीटरांएवढाच उतरतो. फरक नऊ-दहा सेंटिमीटर असेल तर क्रीज एक-दोन अंशांनी फिरली आहे. ती तशीच ठेवून रेघा मारू नका, काटकोन पुन्हा काढा.

पॉपिंग क्रीजला वेगळा काटकोन काढायची गरज नाही. बोलिंग क्रीजच्या दोन्ही टोकांपासून आणि मधल्या खिळ्यापासून, तिन्ही ठिकाणी १.२२ पुढे मोजा आणि तिन्ही खुणा एका सुतळीखाली आल्या का पाहा. शिवाय मधल्या खिळ्यापासून पॉपिंग आणि रिटर्न क्रीज जिथे भेटतात त्या कोपऱ्यापर्यंत तिरपं मोजलं तर १.८० मीटर यायला हवेत. शेवटी दोन्ही पॉपिंग क्रीजमधलं अंतर बघा, ते १७.६८ मीटर, म्हणजे ५८ फूट असतं. हा आकडा जुळला की आधीचं सगळं एकत्रच तपासलं जातं.

रेघेची कोणती कड मोजायची

फक्कीची रेघ ४-५ सेंटिमीटर रुंद पडते, तेव्हा १.२२ मोजायचे ते रेघेच्या कोणत्या कडेपर्यंत, हे ठरवावंच लागतं. नियमात ते स्पष्ट आहे. पॉपिंग क्रीज म्हणजे रेघेची मागची, स्टंपकडची कड. बोलिंग क्रीजही रेघेची मागची कड. स्टंपचा मध्य तिच्यावर येतो. रिटर्न क्रीज म्हणजे रेघेची आतली कड. साध्या भाषेत सांगायचं तर सुतळी मापावर ताणायची आणि फक्की तिच्या पुढच्या बाजूला पाडायची, रिटर्न क्रीजला बाहेरच्या बाजूला. दोरीच्या दोन्हीकडे फक्की पसरली की क्रीज दोन-अडीच सेंटिमीटरने मागे सरकते. बॅट रेघेवर टेकली म्हणजे फलंदाज आत आला असा मुलांचा समज असतो. तो चुकीचा आहे. पाय किंवा बॅट रेघेच्या मागे जमिनीला लागायला हवी. रेघच चुकीच्या बाजूला असेल तर हा नियम मुलांना शिकवताही येत नाही.

फक्की म्हणून कळीचा चुना वापरू नका. ओल लागली की तो तापतो, आणि डोळ्यांत गेला तर इजा होते. मैदानासाठी मिळणारी पांढरी पावडर किंवा संगमरवराची भुकटी घ्या. सिमेंटवर रंगाची रेघ मारायची तर दोन्ही कडांना चिकटपट्टी लावून मारा, कड स्वच्छ येते.

तुमची २२ मीटरची सिमेंट पट्टी

ती तोडायची गरज नाही. उलट मागे थोडी जास्त लांबी हवीच असते, कारण रिटर्न क्रीज स्टंपच्या मागे १.२२ मीटर जाते आणि गोलंदाजाचा मागचा पायही तिथेच पडतो. दोन्ही टोकांचं धरून आखणीला एकूण २२.५६ मीटर लागतात. चूक फक्त स्टंप पट्टीच्या टोकांवर लावल्याने होते. २२ मधून २०.१२ वजा केले की १.८८ उरतात, त्याचे अर्धे ९४ सेंटिमीटर. दोन्ही टोकांपासून ९४ सेंटिमीटर आत मधल्या स्टंपची जागा येते. तरी दोन्ही खिळे पट्टीच्या टोकांवरून न काढता एक खिळा टोकापासून ९४ सेंटिमीटरवर ठोका आणि दुसरा त्या खिळ्यापासून २०.१२ वर मोजा. सिमेंटची टोकं क्वचितच गुण्यात असतात.

रिटर्न क्रीजचे शेवटचे २८ सेंटिमीटर पट्टीबाहेर, मातीवर येतील. तिथली माती कुटून सिमेंटच्या बरोबरीला आणा. गोलंदाजाचा मागचा पाय नेमका त्या कडेवर पडला आणि माती दोन बोटं खाली असली तर घोटा मुरगळतो. पट्टी ८ फूट रुंद असेल तर रिटर्न क्रीज दोन्ही बाजूंना १० सेंटिमीटर बाहेर पडेल, तीही मातीवरच आखावी लागेल. नियमात ते बसतं: कृत्रिम पृष्ठभागाची लांबी किमान ५८ फूट आणि रुंदी किमान ६ फूट असली तरी पुरते. ५८ फूट म्हणजे वर आलेलं पॉपिंग ते पॉपिंग अंतरच.

सिमेंटवर स्टंप लोखंडी बैठकीवर उभे करावे लागतात. त्या बैठकीची कड रेघेला लावू नका. मधला स्टंप खिळ्याच्या बरोबर वर यायला हवा. बैठक १० सेंटिमीटर रुंद असेल आणि तिची पुढची कड रेघेला लावली तर स्टंप ५ सेंटिमीटर मागे जातात, दोन्हीकडे मिळून १०. एवढी नेमकी आखणी करून चूक परत आत येते ती इथून.

सिमेंटवर काथ्याची मॅट टाकत असाल तर रेघा मॅटवर कायमच्या रंगवून त्यांच्यावर विसंबू नका. मॅट दर वेळी सारखी ताणली जात नाही, ओली-सुकी झाली की लांबीही थोडी बदलते. शिवाय मॅटखाली तुमचे खिळे झाकले जातात. म्हणून बोलिंग क्रीजची सुतळी दोन्ही बाजूंना वाढवून मध्यापासून २.५० मीटरवर जमिनीच्या पातळीत एकेक खुंटी पुरा. मॅट ताणून झाल्यावर समोरासमोरच्या खुंट्यांत सुतळी धरली की क्रीज कुठे आहे ते कळतं, आणि सुतळीच्या मध्यावर मधला स्टंप. पावसाळ्यानंतर मातीवरच्या रेघा पुसलेल्या असतात तेव्हाही याच चार खुंट्यांवरून सगळं परत उभं करता येतं. त्या डोकं वर न काढता पुरा, नाहीतर क्षेत्ररक्षण करणारं मूल अडखळतं. झेंड्याचा कट्टा आणि इमारतीचा कोपरा यांपासून त्यांची अंतरं वहीत लिहून ठेवा.

लहान वर्गांसाठी आणि वर्तुळासाठी

चौथी-पाचवीच्या मुलांना २२ यार्डांवरून चेंडू नीट पोचवता येत नाही. त्यांच्यासाठी २० किंवा १८ यार्डांची खेळपट्टी त्याच पट्टीवर करता येते: २० यार्ड म्हणजे १८.२९ मीटर, १८ यार्ड म्हणजे १६.४६. एक टोक जसंच्या तसं ठेवा आणि दुसऱ्या टोकाचे स्टंप अनुक्रमे १.८३ किंवा ३.६६ मीटर आत घ्या. स्टंप आणि पॉपिंग क्रीजमधले १.२२ मीटर मात्र तसेच राहतात, लांबीच्या प्रमाणात कमी करायचे नाहीत. या रेघा खडूने किंवा वेगळ्या रंगाने काढा. दोन पांढऱ्या क्रीज जवळजवळ असल्या की पंच आणि मुलं दोघंही गोंधळतात.

३० यार्डांचं वर्तुळ आखायचं झालं तर त्रिज्या २७.४३ मीटर. ती खेळपट्टीच्या मध्यापासून मोजायची नाही. दोन्ही टोकांच्या मधल्या स्टंपवरून एकेक अर्धवर्तुळ काढायचं आणि ती सरळ रेघांनी जोडायची. म्हणजे हा आकार ७५ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद होतो. मैदान एवढं नसेल तर वर्तुळ लहान करा, खेळपट्टीची लांबी कमी करू नका.